कॅप्सूलमधली अळंबी: दावे, पुरावे आणि लेबलवरची ताकद

ओझरमध्ये लायन्स मेन, रेशी आणि कॉर्डिसेप्स ही नावे आता नवलाची राहिलेली नाहीत. वसाहतीतले निवृत्त लोक स्मरणशक्तीसाठी पहिले घेतात, मधुमेह किंवा कर्करोगाच्या धास्तीने कोणी रेशी सुरू करते, आणि जिमला जाणारी मुले दम टिकावा म्हणून कॉर्डिसेप्स मागवतात. बाटल्या बहुतेक ऑनलाइन येतात, काही ओळखीपाळखीतल्या विक्रेत्याकडून. घेणारे विचारतात ते एकच, याचा उपयोग होतो का? खरे तर इथे दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतले आहेत. या मशरूमने माणसांवर काय परिणाम होतो, हा पहिला. आणि ज्या वस्तूवर तो परिणाम तपासला गेला तीच वस्तू आपल्या बाटलीत आहे का, हा दुसरा. पहिल्यावर बरेच लिहिले जाते. माझ्या मते जास्त अडचण दुसऱ्याची आहे, म्हणून त्याला इथे अधिक जागा दिली आहे.

पार्श्वभूमी

तिन्ही मशरूमचा मोठा औषधी वारसा पूर्व आशियातला आहे. रेशी हे जपानी नाव. चीनमध्ये त्याला लिंगझी म्हणतात. ते लाकडासारखे कठीण आणि चवीला कडू असते आणि शतकानुशतके काढा करूनच घेतले गेले. लायन्स मेन पांढरे, लोंबत्या तंतूंचे, खाण्याचे मशरूम आहे. कॉर्डिसेप्स हिमालयात अळीच्या अंगातून उगवते. उत्तराखंडात पिथोरागडच्या वरच्या गावांत त्यालाच कीडा जडी म्हणतात.

आपल्याकडेही औषधी अळंबीची एक जुनी वाट आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर फणसाच्या खोडावर उगवणारी कठीण बुरशी फणसांबा म्हणून ओळखली जाते. तोंड आले, लाळ फार गळू लागली की ती पाण्यात उगाळून लावतात. अभ्यासकांनी फणसांबा तपासला तेव्हा त्यात प्रामुख्याने फेलिनस या वंशातल्या, म्हणजे रेशीहून वेगळ्या, जाती आढळल्या. तरी दिसण्यातल्या साम्यामुळे दोन्हींची सरमिसळ होते. नाव एक आणि वस्तू अनेक ही अडचण कॅप्सूलच्या धंद्यातही आहे, आणि कॉर्डिसेप्सच्या बाबतीत ती सर्वांत ठळक दिसते.

रानातली कीडा जडी इतकी महाग आहे की सर्वसामान्य कॅप्सूलमध्ये ती असण्याची शक्यता जवळपास नाही. बाजारात दोन पर्याय आहेत. एक म्हणजे नारिंगी रंगाचे, बंद खोलीत तांदळावर वाढवता येणारे कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस. आपल्याकडचे तरुण उत्पादक वाढवतात ते हेच. दुसरा म्हणजे टाक्यांत वाढवलेली सीएस-4 नावाची बुरशी. ती चीनमध्ये रानातल्या कॉर्डिसेप्सपासून वेगळी काढली गेली, पण नंतर ती वेगळीच जात असल्याचे ठरले. कॉर्डिसेपिन या ज्या घटकाची जाहिरात होते तो मिलिटॅरिसमध्ये भरपूर असतो, तर रानातल्या मूळ कीडा जडीत जवळपास नसतोच. त्यामुळे ‘हिमालयातले कॉर्डिसेप्स, कॉर्डिसेपिनने समृद्ध’ असे एकाच लेबलवर वाचले तर त्यातला एक भाग तरी चुकीचा आहे असे समजावे.

लायन्स मेन: छोटे, पण खरे अभ्यास

लायन्स मेनच्या फळात हेरिसेनोन आणि त्याच्या तंतूजालात एरिनासीन ही संयुगे असतात. प्रयोगशाळेत ती मज्जापेशींच्या वाढीला लागणाऱ्या एका प्रथिनाची निर्मिती वाढवतात. दाव्यांची सुरुवात इथून होते.

माणसांवरचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास जपानमधला, 2009 सालचा आहे. 50 ते 80 वयाचे, स्मरणशक्ती किंचित कमी झालेले सुमारे 30 लोक घेतले. निम्म्यांना 16 आठवडे लायन्स मेन दिले, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. मशरूमवाल्या गटाचे स्मरणचाचणीतले गुण वाढले, आणि गोळ्या थांबवल्यावर चार आठवड्यांत खाली आले. थांबवल्यावर घसरण होणे ही औषध काम करत असल्याची चांगली खूण मानली जाते. पण यात काय दिले होते हे नीट पाहायला हवे. 250 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, दिवसातून तीन वेळा. म्हणजे रोज 12 गोळ्या, मिळून 3 ग्रॅम, आणि त्याही वाळवून दळलेल्या मशरूमच्या. तो अर्क नव्हता.

तैवानमध्ये सौम्य अल्झायमरच्या रुग्णांवर 49 आठवड्यांचा अभ्यास झाला, त्याचा अहवाल 2020 मध्ये आला. तिथे एरिनासीन ए मोजून घातलेले तंतूजाल दिले होते. रोजची कामे स्वतःची स्वतः करण्याच्या मापनात दोन गटांत फरक दिसला, पण आकलनाच्या मुख्य चाचण्यांत तो ठाम नव्हता. इंग्लंडमध्ये 2023 साली निरोगी तरुणांवर चार आठवड्यांचा अभ्यास झाला. त्यात एका चाचणीतला वेग पहिल्या मात्रेनंतर तासाभरात वाढला आणि ताण कमी झाल्याचा कल दिसला, इतर बहुतेक मापने जिथल्या तिथे राहिली.

या सर्वांत सहभागी थोडे होते आणि सर्व अभ्यासांत वस्तू एकच नव्हती. स्मृतिभ्रंश टळतो असे यातून म्हणता येत नाही. काहीच होत नाही असेही म्हणता येत नाही. तिघांपैकी लायन्स मेनबद्दल मला सर्वांत जास्त उत्सुकता आहे ती यामुळेच. इथे नीट मोठा अभ्यास करण्याइतके कारण निश्चित आहे.

रेशी: दोन पुनरावलोकने आणि एक इशारा

रेशीबाबत कॉक्रेन या संस्थेची दोन पुनरावलोकने आहेत. कर्करोगावरच्या पुनरावलोकनात पाच अभ्यासांतले 373 रुग्ण होते. केमोथेरपी किंवा रेडिएशनच्या जोडीला रेशी घेणाऱ्यांमध्ये उपचाराला प्रतिसाद देणाऱ्यांचे प्रमाण थोडे जास्त आढळले. फक्त रेशी दिल्यावर तसा फायदा दिसला नाही. अभ्यासांचा दर्जाही कमी होता. त्यामुळे रेशी हा मुख्य उपचार ठरत नाही, जोडीला देण्याचा विचार करता येईल इतकेच त्यांनी म्हटले. ‘कर्करोगावर गुणकारी’ म्हणणारे या निष्कर्षाचे सोयीचे अर्धे वाक्य उचलतात.

मधुमेहाबद्दलचे उत्तर जास्त स्पष्ट आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहावरच्या 2015 च्या पुनरावलोकनात साखर किंवा हृदयविकाराचा धोका कमी होतो असा आधार मिळाला नाही. त्यानंतर सिडनीत 84 जणांवर 16 आठवड्यांचा अभ्यास झाला. रोज 3 ग्रॅम रेशी, एका गटाला सोबत कॉर्डिसेप्स. तीन महिन्यांच्या साखरेच्या चाचणीत काही फरक पडला नाही. साखरेसाठी रेशी घेणाऱ्याला हे सांगायलाच हवे, कारण मधुमेहाची गोळी मनाने कमी करण्याचा मोह इथे होतो.

इशारा यकृताबद्दल आहे. हाँगकाँग आणि थायलंडमधून रेशीची भुकटी घेणाऱ्यांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या, काही मृत्यूच्याही, नोंदी आहेत. त्यातल्या एका नोंदीत रुग्ण आधी उकळलेला काढा घेत होता आणि भुकटीवर आल्यानंतर त्रास सुरू झाला. अशा तुरळक नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही. पण काढ्याचा शतकांचा अनुभव भुकटीला किंवा अर्काला तसाच लागू होतो असे धरता येत नाही, इतके त्यातून समजते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय रेशी घेऊ नये.

कॉर्डिसेप्स: धावपटूंची कहाणी आणि त्यानंतर

1993 मध्ये चीनच्या महिला धावपटूंनी लांब पल्ल्याचे विश्वविक्रम मोडले. वांग जुनशियाने बीजिंगमध्ये दहा हजार मीटर 29 मिनिटे 31.78 सेकंदांत पूर्ण केले. प्रशिक्षक मा जुनरेन यांनी श्रेय कॉर्डिसेप्स आणि कासवाच्या रक्ताला दिले, आणि जगभर कॅप्सूल विकल्या जाऊ लागल्या. पुढे या गटातल्या धावपटूंचे एक पत्र 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांना बंदी असलेली द्रव्ये दिली गेल्याचे म्हटले होते. जाहिरातींत मात्र आजही तो विक्रमच सांगितला जातो.

सरावलेल्या सायकलपटूंवर सीएस-4 चे जे अभ्यास झाले त्यांत फायदा दिसला नाही. वयस्क, न सरावलेल्या लोकांच्या एका छोट्या अभ्यासात व्यायाम सोसण्याची मर्यादा थोडी वाढली, पण प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढली नाही. कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस असलेल्या मिश्रणाचा एक अभ्यास 2017 चा आहे. रोज 4 ग्रॅम घेतल्यावर पहिल्या आठवड्यात ठोस काही दिसले नाही. तीन आठवडे घेणाऱ्या मोजक्या लोकांत ही क्षमता वाढलेली दिसली. चार ग्रॅम म्हणजे नेहमीच्या 500 मिलिग्रॅमच्या आठ कॅप्सूल. बाटलीवर दिवसाला एक किंवा दोन लिहिलेल्या असतात.

लेबलवरची ताकद

आता बाटली हातात घेऊ. माझ्यासमोर असलेल्या लायन्स मेनच्या एका बाटलीवर लिहिले आहे: अर्क 500 मिलिग्रॅम, 10:1, पॉलिसॅकराइड 30 टक्के, दिवसाला दोन. खाली ठळक अक्षरांत, दोन कॅप्सूल म्हणजे 10 ग्रॅम मशरूम. जपानी अभ्यासातल्या 3 ग्रॅमपेक्षा हे तिप्पट वाटते. पण हा हिशेब कशाच्या दहापट आहे, ते लेबल सांगत नाही.

निफाडच्या बेदाणा करणाऱ्याला हे लगेच कळेल. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. त्यावर ‘4:1’ लिहिले तर ते खोटे नाही, पण गेले ते पाणी. द्राक्षात नव्हते असे काही बेदाण्यात आले नाही. ताज्या लायन्स मेनमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. दहा किलो ताज्याचे वाळवून एक किलो होते. म्हणजे 10:1 हे ताज्याचे प्रमाण असेल तर कॅप्सूलमध्ये निव्वळ वाळवलेले मशरूम आहे आणि रोजची मात्रा 1 ग्रॅम, जपानी अभ्यासाच्या एक तृतीयांश.

प्रमाण वाळलेल्या मशरूमचे असेल तर वेगळा प्रश्न येतो. अर्क काढताना वाळलेले मशरूम गरम पाण्यात तासन्‌तास उकळतात, गाळतात, आटवतात आणि फवारून भुकटी करतात. लायन्स मेन मऊ असल्याने त्याचा बराच मोठा भाग पाण्यात उतरतो, म्हणून साध्या उकळीने दहाला एक इतके घट्ट प्रमाण सहज मिळत नाही. लाकडासारख्या रेशीतून फार थोडे उतरते, तिथे दहाला एक अगदी स्वाभाविक आहे. एकच आकडा दोन मशरूमच्या बाबतीत इतके वेगळे सांगतो. त्यातच फवारणीत भुकटी चिकटू नये म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन घालतात, आणि ते किती हे प्रमाणात दिसत नाही. म्हणून गुणोत्तर ही कृतीची नोंद आहे, ताकदीचे माप नव्हे.

मग 30 टक्के पॉलिसॅकराइड? हा आकडा ठोस वाटतो, पण त्यात फटी आहेत. पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या. मशरूमच्या पेशीभित्तीतले बिटा-ग्लुकॅन त्यात येते, तसेच तांदळाचा स्टार्चही. नेहमीची स्वस्त चाचणी एकूण साखरच मोजते, त्यामुळे माल्टोडेक्स्ट्रिन घातले तरी आकडा वाढतो. बिटा-ग्लुकॅन वेगळे मोजण्याची पद्धत उपलब्ध आहे: एकूण ग्लुकॅन मोजायचे, विकरांनी स्टार्चसारखा भाग वेगळा मोजायचा आणि वजा करायचा. लेबलवर बिटा-ग्लुकॅनचा आकडा आणि चाचणीची पद्धत दिली असेल तर त्या उत्पादकाने काही तरी खरे मोजले आहे असे म्हणता येते.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या 19 उत्पादनांची तपासणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. लेबलशी जुळणारी फक्त पाच निघाली. बाकीच्यांत रेशीची ओळख असलेली ट्रायटर्पिन नव्हती किंवा पॉलिसॅकराइड रेशीचे नसून स्टार्चसारखे होते.

स्टार्चचा अंदाज घरीही घेता येतो. मी एक कॉर्डिसेप्सची कॅप्सूल उघडून भुकटी अर्धी वाटी पाण्यात उकळली, पूर्ण थंड केली, आणि जखमेला लावायचे आयोडीन चहाच्या रंगाइतके पातळ करून दोन थेंब टाकले. शेजारी ताडून पाहायला भाताची पेज ठेवली होती. दोन्ही वाट्या निळ्या-काळ्या झाल्या. म्हणजे त्या कॅप्सूलमध्ये धान्याचा अंश ठळक होता. किती, ते यावरून कळत नाही. गरम द्रवात हा रंग येत नाही, आणि भुकटीत क जीवनसत्त्व मिसळलेले असेल तर ते आयोडीनच खाऊन टाकते, त्यामुळे रंग न येणे ही शुद्धतेची खात्री नाही. रेशीसाठी जिभेची चाचणी जास्त उपयोगी पडते: खऱ्या अर्काची चिमूट चांगलीच कडू लागते. कडू लागली नाही तर ट्रायटर्पिन नाममात्र आहेत.

फळ की तंतूजाल

उत्पादकांत सर्वांत मोठा वाद इथे आहे. मशरूमचे फळ वाढवायला वेळ आणि जागा लागते. त्याऐवजी तांदूळ किंवा ओटवर तंतूजाल पसरू द्यायचे आणि धान्यासकट वाळवून दळायचे, हा स्वस्त मार्ग. फळाच्या बाजूचे लोक म्हणतात की तंतूजाल धान्यापासून वेगळे करता येत नाही, त्यामुळे ग्राहक मशरूमच्या भावात धान्य घेतो. शिवाय परंपरेत वापर फळाचाच होता. दुसरी बाजू म्हणते की बुरशीने आंबवलेले धान्य हे नुसते धान्य राहत नाही, आणि लायन्स मेनचे एरिनासीन तंतूजालातच मिळते.

दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण तैवानच्या अभ्यासातले तंतूजाल टाकीत वाढवून एरिनासीन मोजून दिलेले होते. त्याचा आधार घेऊन न मोजलेली धान्याची भुकटी विकता येत नाही. फळवाल्यांच्या बाजूचीही एक कमकुवत जागा आहे. ते बिटा-ग्लुकॅनचा आकडा अभिमानाने छापतात, पण स्मरणशक्तीच्या अभ्यासांत बिटा-ग्लुकॅन हा परिणामकारक घटक असल्याचे कोणी दाखवलेले नाही. हेरिसेनोन पाण्यात नीट उतरत नाहीत, त्यासाठी अल्कोहोल लागते. म्हणजे नुसत्या पाण्याच्या अर्कात बिटा-ग्लुकॅन भरपूर असूनही मेंदूसाठी ज्याची चर्चा होते तो घटक जवळपास नसू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तंतूजालाला मशरूम म्हणू नये अशी भूमिका जुन्या काळापासून घेतली आहे, पण बाजारात ती काटेकोर पाळली जात नाही.

कायदा काय पाहतो

भारतात या कॅप्सूल औषध नव्हे, अन्न म्हणून विकल्या जातात. एफएसएसएआयच्या 2016 च्या आणि त्यानंतर 2022 मध्ये बदललेल्या पूरक आहाराच्या नियमांनुसार लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना, रोजची मात्रा आणि ती न ओलांडण्याचा इशारा द्यावा लागतो. 14 आकडी परवाना क्रमांक हवाच. कर्करोग किंवा मधुमेह बरा करण्याची जाहिरात तर 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यानेही चालत नाही. तशी आढळली तर नाशिकच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

पण परवाना क्रमांक म्हणजे आतल्या मालाच्या ताकदीची हमी नाही. तो परवाना उत्पादकाच्या जागेला आणि व्यवसायाला मिळतो. 10:1 ताज्याचे की वाळलेल्याचे, आणि पॉलिसॅकराइडमध्ये बिटा-ग्लुकॅन किती, हे लेबलवर लिहिल्याचे चित्र आज बाजारात दिसत नाही. दहा मशरूमच्या ‘कॉम्प्लेक्स’मध्ये एकूण 500 मिलिग्रॅमच लिहून काही उत्पादक सुटतात. समान वाटणी धरली तरी एकेकाच्या वाट्याला 50 मिलिग्रॅम येतात, म्हणजे कुठल्याही अभ्यासातल्या मात्रेच्या खूप खाली.

काय ठरलेले नाही

लायन्स मेनमध्ये काम करणारा घटक कोणता, हे ठरलेले नाही, म्हणून अर्क कशावर प्रमाणित करायचा हेही ठरत नाही. तिन्ही मशरूमच्या अभ्यासांत कुठे भुकटी, कुठे तंतूजाल, कुठे मिश्रण, त्यामुळे निष्कर्षांची बेरीज होत नाही. वर्षानुवर्षे घेतल्यास यकृतावर काय परिणाम होतो याचा पद्धतशीर मागोवा नाही. आणि कॉर्डिसेपिन पोटात गेल्यावर शरीरातले एक विकर त्याचे झपाट्याने रूपांतर करते, मग प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलेले गुण गिळलेल्या कॅप्सूलला लागू पडतात का, हा प्रश्नही तसाच आहे.

महाराष्ट्रापुरते एक काम मात्र लगेच करण्यासारखे आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळंबी प्रकल्पाचे केंद्र आहे आणि नाशिक परिसरात धिंगरी करणारे शेतकरी आता औषधी अळंबीकडे वळू पाहत आहेत. मिलिटॅरिस पिकवणाऱ्याला प्रत्येक खेपेचे कॉर्डिसेपिन, स्टार्च, बिटा-ग्लुकॅन आणि जड धातू परवडेल अशा दरात तपासून मिळाले, तर तो लेबलवर गुणोत्तराऐवजी मोजलेले आकडे छापू शकेल. ग्राहकानेही तेवढेच मागावे: त्या बॅचचे तपासणी प्रमाणपत्र, ज्यावर शास्त्रीय नाव, फळ की तंतूजाल, बिटा-ग्लुकॅन आणि प्रयोगशाळेचे नाव असेल. ईमेल करून ते मागता येते. काही उत्पादक दोन दिवसांत पाठवतात, काही उत्तरच देत नाहीत.